नामदेव सातव्या नंबरावर

माघ सरत आला की आमच्या कॉलनीतल्या कडुनिंबांची पानं झडायला लागतात. पहाटे हवेत गारवा असतो, पण दहा वाजले की उन्हाला धार येते. बायको अंगणात दोनदा झाडू मारते आणि तिसऱ्यांदा मला म्हणते, "आता तुम्ही मारा, मला कंबर आहे." मी झाडू घेतो. पानांचा ढीग करतो. त्या सुक्या पानांना एक कडवट, धुळकट वास असतो, आणि तो नाकात गेला की माझं काम थांबतं. मी झाडू धरून उभाच राहतो. बायकोला वाटतं, रिटायर झाल्यापासून मी आळशी झालोय. तिला काय सांगणार? दरवर्षी हे पंधरा-वीस दिवस असेच जातात.

सुगीचे दिवस. शिवारात ज्वारी काढून झालेली असते, कडब्याच्या गंज्या लागलेल्या असतात, आणि माणसांना जरा उसंत मिळते. आमच्या काळी क्रिकेटच्या स्पर्धा याच दिवसांत व्हायच्या. पाऊस नाही, कडाक्याची थंडी नाही, ऊन अजून डोक्यावर चढलेलं नाही. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. शहराच्या कडेला नवे कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येक कारखान्याला आपली क्रिकेटची टीम हवी होती. चांगला खेळणाऱ्या पोराला ते नोकरी देत. पोरगा आठवडाभर मशीनवर आणि रविवारी मैदानावर. आमच्यासारख्या खेड्यांतून आलेल्या पोरांना ती गोष्ट स्वप्नासारखी वाटायची.

मी कन्नडकडचा. घरी वडिलांची चांगली बागायत, विहिरीला पाणी. कॉलेजसाठी शहरात खोली करून राहिलो होतो. नोकरी मिळाली नसती तरी उपाशी मेलो नसतो. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत मला तेच जास्त टोचतं.

आमच्या टीमचा कॅप्टन भानुदास. आम्ही सगळे त्याला भानूदादा म्हणायचो. आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, प्राथमिक शाळेत मास्तर. अंगानं किडकिडीत, बोलणं सावकाश, हाताला कायम खडूची पांढुरकी भुकटी. ऑफस्पिन टाकायचा. त्याचे वडील, आबा, पाचोडच्या पुढच्या एका गावात मेंढ्या राखत. वर्षातले कितीतरी महिने कळपामागं चालायचे, आज या शिवारात, उद्या त्या. घराण्यात शाळेची पायरी चढलेला भानूदादा पहिला. आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ नामदेव, आमचा नाम्या. तो दहावीपर्यंत शिकून भावाकडं राहायला आला होता. एका खोलीत भानूदादा, वहिनी आणि नाम्या. खोलीच्या भिंतीला एक बॅट टेकवलेली असायची आणि वहिनी केर काढताना ती देवाच्या फोटोसारखी हलक्या हातानं बाजूला ठेवायच्या.

नाम्याचा फटका मी आजही कानांनी ओळखीन. बॅटच्या मधोमध बॉल लागला की एक भरीव आवाज होतो. आमच्यातल्या बाकीच्यांना तो आवाज दहा बॉलांत एकदा मिळायचा. नाम्याला तो कधीही मिळायचा. त्याच्या मनगटात काय होतं कुणास ठाऊक. मेंढ्यांना वळवायला लहानपणापासून काठी फिरवली, त्याचं असेल.

आमची विकेट म्हणजे मुरुमाच्या पट्टीवर ताणून बसवलेली काथ्याची मॅट. सकाळी मॅटवर पाणी शिंपडायचं, चारी बाजूंनी ओढायची आणि मोठे खिळे ठोकायचे. ओल्या काथ्याचा वास आणि कडुनिंबाच्या पाचोळ्याचा वास एकमेकांत मिसळायचे. मॅटवर लेदर बॉलचा टप्पा पडला की तो उसळतो. नवा बॉल तर थेट छातीवर येतो. हेल्मेट आम्ही फक्त फोटोत पाहिलेलं. जसजसा बॉल जुना होतो, तसतशी त्याची शिवण काथ्यावर घासून बसते, कातडं मऊ होतं, आणि बॉल कंबरेच्या खाली राहायला लागतो. पहिल्या दहा ओव्हरचा खेळ आणि शेवटच्या दहा ओव्हरचा खेळ म्हणजे दोन वेगवेगळे खेळच. हे आम्हाला नीट समजावलं भानूदादानं, आणि ते त्या एका संध्याकाळी समजावलं.

दुसऱ्या दिवशी फायनल होती. पस्तीस-पस्तीस ओव्हरची. आणि बातमी अशी आली होती की एका कारखान्याचे साहेब मॅच बघायला येणार आहेत, त्यांना दोन बॅट्समन हवेत. ही बातमी आली आणि आमची टीम एका दिवसात बदलली. कालपर्यंत जो तो "कुठंबी पाठवा" म्हणायचा. आता जवळजवळ सगळ्यांनाच ओपनिंग हवी होती. सरळ हिशोब होता. वरच्या नंबरला पस्तीस ओव्हर मिळतात, खालच्या नंबरला कदाचित एक बॉलही मिळत नाही. न खेळलेला माणूस साहेबांना दिसणार कसा?

प्रॅक्टिस संपली. ऊन कलायला लागलं होतं. भानूदादानं सगळ्यांना मैदानाच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली बसवलं. स्वतः उभा राहिला, वर्गात उभा राहतो तसा. एका काटकीनं धुळीत एक ते अकरा आकडे लिहिले.

"माझ्याकडं दोन दिवसांत आठ जण येऊन गेले," तो म्हणाला. "प्रत्येकाला वरचा नंबर पायजे. मी कुणालाच काही बोललो नाय. आता सगळ्यांम्होरं बोलतो, म्हंजी मागून कुणी म्हणायला नको की भानूदादानं याला एक सांगितलं अन् त्याला दुसरं."

त्यानं पहिल्या दोन आकड्यांखाली रेघ मारली.

"ओपनिंगला मधू अन् सुधीर. मधूला फटके कमी हायेत, मला माहीत हाय. पण तो बॉल सोडतो. नव्या बॉलला मारण्यापेक्षा सोडणं अवघड असतं. स्टंपच्या बाहेरचा सोडायचा, छातीवरचा खाली दाबायचा. मधू मागच्या पायावर जाऊन हात सैल सोडतो, बॉल त्याच्या पायाशी मरून पडतो. सुधीर डावखुरा. एक रन निघाला की म्होरं उजवा, परत एक निघाला की डावा. बॉलरला दर बॉलला लाइन बदलावी लागती. फील्डरला इकडून तिकडं पळावं लागतं. नव्या बॉलच्या बॉलरला एका जागी टाकू द्यायचं नाय, हे त्या दोघांचं काम. रन नंतर."

मधू म्हणजे मी. मी मान खाली घातली. झालेला आनंद तोंडावर दिसू नये असं वाटत होतं.

आमचा विकेटकीपर यूनुस उठून उभा राहिला. सराफ्याकडच्या गल्लीतला, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. "दादा, ओपनिंग हमकू देव ना. पिछली दो मॅचां में हमींच टिके."

"यूनुसभाई, तू पस्तीस ओव्हर उठाबशा काढणार. दोनशेच्या वर उठाबशा. त्यानंतर लगेच पॅड बांधून नव्या बॉलसमोर गेलास तर पाय हलणार नायत."

"पावां हमारे हैं, दादा. हमना मालूम."

"अन् आपली बॅटिंग आधी आली तर? तीस ओव्हर खेळून परत पस्तीस ओव्हर कीपिंग करशील? शेवटच्या ओव्हरला एक कॅच सुटला तर तुला झोप लागंल?" भानूदादानं सहाच्या आकड्याखाली रेघ मारली. "तू सहाला. मधे बसून पाय मोकळे करायचे. सहाव्या नंबरला स्पिन असती, अन् स्पिन तुझ्याइतकी कुणी बघत नाय. रोज विकेटमागून बघतोस."

यूनुसनं खांदे उडवले आणि खाली बसला. "हौ. ठीक है."

तिसऱ्या आकड्यावर भानूदादानं काटकी टेकवली. "तीनला अशोक. तीन नंबर म्हंजी राखीव ओपनर. पहिल्याच बॉलला विकेट गेली तर तो नव्या बॉलपुढं उभा. विसाव्या ओव्हरला गेली तर त्याला रन वाढवावे लागतात. दोन्ही जमणारा माणूस पायजे. चारला आपला सगळ्यात चांगला बॅट्समन, मोईन. सगळ्यात चांगला असून त्याला पहिला कामून पाठवत नाय? कारण नव्या बॉलवर चांगला बॅट्समनसुद्धा एका उसळीत जातो. बॉलची शिवण बसू द्यायची, मग त्याला आणायचा. तवर इतक्या ओव्हर उरलेल्या असतात की तो मोठी खेळी करू शकतो. पाचला पळणारा. मोईन मस्त खेळतो, पण पळायला सुस्त. दोन सुस्त माणसं एका वेळी आत नकोत, रनआउट होत्यात."

आता सात उरला. आणि नाम्या उरला.

नाम्या सगळ्यांच्या मागं, लिंबाच्या बुंध्याला टेकून बसला होता. त्यानं हात वर केला, शाळेत करतात तसा. आम्ही हसलो. तो हसला नाही.

"दादा, मला ओपनिंग दे. नायतर तीन."

"सात."

"कामून?"

भानूदादानं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग आमच्याकडं. आणि सगळ्यांना जसं सांगितलं होतं, तसंच त्यालाही सांगितलं. "छातीवर बॉल आला की तू मान फिरवतोस, नाम्या. डोळं मिटतोस. गेल्या साली व्हट फाटला, चार टाके पडले, तवापासून. ते तुझ्या हातात नाय, शरीर आपोआप करतं. पण बॉलरला दोन बॉलांत कळतं. नवा बॉल असताना तू दोन ओव्हर काढणार नाय. अन् तू बारके रन काढत नाय. एक तर मारतोस, नायतर अडवतोस. मधल्या ओव्हरांत ते चालत नाय. सातवा नंबर म्हंजी उरलेला माल नाय. शेवटच्या पाच-सहा ओव्हर. बॉल मऊ, कंबरेखाली. तिथं तुझ्यासारखा आपल्यात कुणी नाय. मॅच तिथं जिंकत्यात."

त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी मी तो क्रम मनात परत परत लावून बघतो. क्रम बरोबर होता. क्रिकेट कळणारा कुणीही माणूस तोच क्रम लावील.

पण नाम्याचा हात आपसूक ओठावर गेला होता. तिथं टाक्यांची पांढरी रेघ होती. त्याला भीती वाटते हे आम्हाला माहीत होतं. त्यानं ते कधी कबूल केलं नव्हतं आणि आम्ही कधी बोललो नव्हतो. आता ते धुळीतल्या आकड्यांसारखं सगळ्यांच्या पुढ्यात पडलं होतं.

"दादा, उद्या साहेब येणार हाय," तो हळू म्हणाला. "सातव्या नंबरला साहेब काय बघणार?"

"मी टीम लावतोय. नोकऱ्या नाय."

वर पक्ष्यांचा किलबिलाट चालला होता. भानूदादानं काटकीनं धुळीत उगाच एक गोल काढला. त्यालाही ते वाक्य जरा कडक वाटलं असावं. कारण थोड्या वेळानं तो म्हणाला, "एक गोष्ट हाय. वीस ओव्हरपर्यंत पहिली विकेट पडली नाय, तर तीनला अशोक नाय, नाम्या जाईल. बॉल जुना झालेला असंल, विकेटा हातात असतील, मारणारा पायजे असंल. पण वीस ओव्हर. त्याच्या आधी विकेट गेली तर ठरलंय तसंच. सगळ्यांना मंजूर?"

सगळ्यांनी मंजूर म्हटलं. उठताना नाम्या माझ्याजवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मधूभाऊ, वीस ओव्हर काढा बरं. मला आबांना मेंढरांमागून बोलवायचंय. पाय सुजत्यात त्यांचं."

मी म्हणालो, "काढतो रे. तुझ्यासाठी काढतो."

असं बोलून जातो माणूस. किती सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या टीमची बॅटिंग आधी झाली. त्यांनी एकशे त्रेसष्ट केले. साहेब पांढऱ्या जीपमधून आले, मैदानाच्या कडेला त्यांच्यासाठी खुर्ची टाकली होती. जेवणं झाल्यावर मी आणि सुधीर आत गेलो. पहिल्या आठ ओव्हर कशा गेल्या ते अंगाला आठवतं. एक बॉल माझ्या बरगडीवर बसला, त्याची निळी खूण महिनाभर होती. पण मी सोडत राहिलो, दाबत राहिलो. सुधीर एक काढायचा, मी एक काढायचो, बॉलर वैतागून कंबरेवर हात ठेवायचा. भानूदादानं सांगितलेलं सगळं आमच्या डोळ्यांपुढं घडत होतं. दहाव्या ओव्हरनंतर बॉल मऊ पडला. पंधराव्या ओव्हरनंतर माझेही फटके बसायला लागले.

टीमकडं पॅडचे तीनच जोड होते. दोन आत खेळणाऱ्यांच्या पायांत, तिसरा पुढं जाणाऱ्याच्या. सतरावी ओव्हर संपली तेव्हा मी बाहेर पाहिलं. अशोक पॅड काढत होता. नाम्या त्याच्यासमोर उभा होता आणि अशोक हसत हसत ते पॅड त्याच्या हातात देत होता. दोघांनी मिळून पट्टे आवळले. मग नाम्या उभा राहिला, बॅट दोन्ही हातांत आडवी धरून खांदे मोकळे करू लागला.

एकोणिसावी ओव्हर. आमचे बिनबाद अठ्ठ्याहत्तर. माझे शेहेचाळीस. सहावा बॉल.

मला आठवायचं नसतं, पण आठवतं. त्या बॉलच्या आधी मी साहेबांच्या खुर्चीकडं पाहिलं होतं. ते पुढं झुकून बघत होते. माझ्या मनात एकच आकडा होता. पन्नास. शेहेचाळीसवाला पोरगा आणि पन्नासवाला पोरगा, यांत साहेबांना फरक वाटेल असं मला वाटलं. नाम्या मला आठवला नाही. वीस ओव्हर आठवल्या नाहीत. सात बॉल नुसते बॅट लावून काढले असते तरी झालं असतं. मी पुढं सरसावून उचलून मारला. बॉल उंच गेला आणि उंच गेलेल्या बॉलखाली एक फील्डर अगदी आरामात येऊन उभा राहिला.

मी परत निघालो. समोर जे दिसलं ते असं. नाम्या दोन पावलं आत आला होता. पॅड त्याच्या पायांत, ग्लोव्ह घातलेले, तयार. त्यानं वळून भानूदादाकडं पाहिलं. भानूदादा त्याच्यापासून चार हातांवर उभा होता. अंपायर हातानं खुणावत होते, चला, लवकर. पाठवायचा तर नाम्याला पाठवणंच सोपं होतं. अशोकच्या पायांत तर पॅडही नव्हते.

"अशोक," भानूदादा म्हणाला. "तू जा."

नाम्या खाली बसला. त्यानं स्वतःच्या पायांतले पट्टे सोडवले. अशोक गडबडला होता, त्याच्या हातून बकल लागेना. तेव्हा नाम्यानंच गुडघ्यावर बसून ते पॅड अशोकच्या पायांत बांधले. एक एक पट्टा. नीट, घाई न करता. शेवटच्या पट्ट्यावर थोपटून म्हणाला, "झालं. जा."

मी जवळून गेलो. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "चांगला खेळलात, मधूभाऊ." त्याच्या आवाजात काहीही नव्हतं. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढं अशोक अडकला. शिस्तीत खेळला, पण रन निघेनात. मोईनला घाई करावी लागली, तो गेला. पाचवा पळणारा पळताना गेला. अर्ध्या तासानं साहेबांनी चहा घेतला, एका कागदावर काहीतरी लिहिलं आणि जीपमध्ये बसून निघून गेले. पाचवी विकेट पडली तेव्हा तीन ओव्हर उरल्या होत्या आणि वीस रन हवे होते. तेव्हा नाम्या आत गेला. रिकाम्या खुर्चीवर आमच्या पाण्याची बादली ठेवलेली होती.

तो आवाज मी त्या दिवशी चार वेळा ऐकला. भरीव, बॅटच्या मधोमध. सात बॉल राखून आम्ही जिंकलो. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. यूनुस ओरडत होता, "अरे नाम्या, दिल खूश कर दिया यारों का!" नाम्या खांद्यांवर बसून मैदानाच्या रस्त्याकडं बघत होता, जिथून जीप गेली होती.

नोकरीची पत्रं माझ्या आणि सुधीरच्या नावानं आली. शेहेचाळीसवर आली. त्या चार रनांची साहेबांना गरजच नव्हती.

मी रुजू झालो त्याच आठवड्यात नाम्या गावाकडं निघून गेला. भानूदादाशी भांडला नाही. वहिनींना म्हणाला, आबांचे पाय दुखतात, कुणीतरी मेंढरांमागं पाहिजे. बॅट भिंतीला टेकवलेली राहिली. पुढं कधी मी त्यांच्या खोलीवर गेलो की वहिनी चहा करायच्या आणि आम्ही तिघंही त्या बॅटकडं न बघता बोलायचो. भानूदादा त्यानंतर एक हंगाम खेळला. मग त्यानं कॅप्टनपण सोडलं. कारण विचारलं तर म्हणे, शाळेत काम वाढलंय.

मी कारखान्यात चढत गेलो. लग्न झालं, घर झालं. एकदा कंपनीच्या कामासाठी पाचोडवरून जात होतो. त्या दिवशी बाजार होता. रस्त्याच्या कडेला मेंढ्यांचा सौदा चालला होता. त्यातल्या एकाच्या डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, दाढी वाढलेली. पण मनगटं मी ओळखली. गाडी थांबवली.

"मधूभाऊ व्हय?" तो हसला. ओठावरची रेघ हसण्यात लपत नव्हती. त्यानं मला ओढतच चहाच्या टपरीवर नेलं. आबा वारले होते. त्याचं लग्न झालं होतं. कळप बरा होता. घरची विचारपूस झाली. मी खेळतो का ते त्यानं विचारलं, मी नाही म्हणालो. मग कपातला चहा हलवत तो सहज म्हणाला, "त्या दिवशी पन्नासला किती बाकी व्हते तुमचे?"

"चार."

"चारच व्हय," तो म्हणाला. "मला तिथून वाटलं, लई बाकी असतील. एवढं उचलून मारलंत म्हून."

माफी मागायची तर तीच वेळ होती. मी कप खाली ठेवला. तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली, गिऱ्हाईक आलं होतं. तो उठला. "येत जा," म्हणाला. मी "येतो" म्हणालो. मी परत कधी गेलो नाही.

नंतरच्या एका वैशाखात दुपारी आभाळ भरून आलं. वळवाचा पाऊस अजून यायचा होता, नुसता वारा आणि कोरडा गडगडाट. नाम्या कळप घेऊन माळावर होता. बाभळीखाली उभा राहिला. वीज पडली. नाम्या आणि सहा मेंढ्या.

निरोप भानूदादाच्या शाळेत आला. त्यानं मला फोन केला. काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाला, "मधू, चल माझ्यासंगं." आम्ही गेलो. ते सगळं मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की भानूदादा रडला नाही. आलेल्या माणसांना पाणी देत होता, कुणाला बसायला घोंगडी अंथरत होता, कुणाची कुठली गाडी हे बघत होता. टीम लावल्यासारखं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. दुपार टळली होती. बाहेर नांगरून टाकलेली रानं, काळी ढेकळं. मला वाटलं, आता बोललो नाही तर मीही असाच एक दिवस जाईन. मी म्हणालो, "दादा, तो फटका मी पन्नाससाठी मारला. साहेबांना दाखवायला. त्याला शब्द दिला होता, तरी मारला. सात बॉल थांबलो असतो तर..."

"मला माहीत हाय," भानूदादा म्हणाला. "तुझ्या जागी कुणीबी मारला असता. तू नगं मनाला लावून घेऊ."

"कसं नको लावून घेऊ?"

त्यानं खिडकीची काच खाली ओढली. धुळीचा लोट आत आला, त्यानं परत वर केली. हात तसाच काचेवर राहिला.

"वीस ओव्हर कुठून आल्या, मधू? कुठल्या पुस्तकात व्हत्या? मीच म्हणलो व्हतो. एकोणीस झाल्याच व्हत्या. बॉल मऊ झाला व्हता. विकेटा हातात व्हत्या. मारणारा पायजे व्हता. तो पॅड बांधून माझ्याम्होरं उभा व्हता. अशोकला पाठवलं ती चूक व्हती. खेळाचीबी चूक. मला त्याच टायमाला कळलं व्हतं."

"मग कामून पाठवलं नाही?"

एसटी एका गावात थांबली. माणसं चढली, उतरली. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलल्यावर भानूदादा बोलला, आणि ते बोलताना त्याचा आवाज पहिल्यांदा फुटला.

"माझा भाऊ म्हून. लोक म्हणतील, भावासाठी नियम मोडला. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता, तर मी त्याला पाठवला असता."